मानेवरची बट

आत्याचे केस तुटले तेव्हा दुखले नाहीत. हेच तिला सर्वांत भयंकर वाटले. धुतल्यावर ओली बट चघळलेल्या च्युइंगमसारखी ताणली जाई, पुन्हा आखडत नसे आणि मुकाट्याने हातात येई. मग ते केस उशीवर, ताटाखाली, बंद कपाटातल्या घडीच्या चादरीत सापडू लागले. कपाटातल्या केसांचे स्पष्टीकरण मला अजूनही देता आलेले नाही.

आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या चेहऱ्यांपुढे आरसा धरण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले. लग्नाचा विषय निघाला की म्हणे, "दिवसभर इतकी तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?" घरी ती आणि तिची आई, म्हणजे माझी आजी. आजीची दृष्टी जवळजवळ गेली आहे. आठवणही विरत चालली आहे. लेकीला ती वेणीवरून ओळखे. संध्याकाळी मागून हात फिरवत शेंड्यापर्यंत जाई आणि म्हणे, "आलीस का गं?"

सलूनमध्ये केस सरळ करून घेतल्यानंतर काही दिवसांतच ती वेणी कानापाशी तुटून संपली. आजीचा हात हवेतच थांबला.

"बाई, तुम्ही कोण? आमची मुलगी यायची आहे."

"आई, मीच आहे."

"आवाज तिचाच काढतेस," आजी हळूच म्हणाली. "वेणी कुठे ठेवलीस तिची?"

त्या रात्रीपासून आजी दाराला आतून कडी घालू लागली.

आत्याने मला बोलावले ते सलूनच्या मालकिणीला ईमेल लिहायला. "तू कागदपत्रांतला किडा. मी लिहिलं तर शिव्याच निघतील." आम्ही मजकूर कोरडा ठेवला: कोणत्या दिवशी कोणती प्रक्रिया झाली, त्याआधी कोणती माहिती दिली होती, केस कुठून तुटले, आधीचे आणि नंतरचे फोटो, पावती. मागणी एकच: अनुभवी हाताने शक्य तेवढी दुरुस्ती करावी, अन्यथा पूर्ण पैसे परत द्यावेत. "माझी आई मला ओळखत नाही" हे वाक्य आत्याने लिहायला लावले आणि मग खोडायला लावले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. मालकिणीने दिलगिरी व्यक्त केली होती. पण क्रीम लावण्यापूर्वी एका बटेवर चाचणी घेतली होती आणि ती बट उत्तम राहिली, असेही कळवले होते. सोबत फोटो होता. बट खरोखरच निरोगी होती: लांब, काळी, तुळतुळीत.

खरे सांगायचे तर मला आत्याचाच संशय आला. "तू काही लपवलंस का?"

"गेल्या वर्षी घरीच सरळ करायचं क्रीम लावलं होतं, दर महिन्याला रंगही लावते. सगळं सांगितलं होतं सलूनमधल्या त्या पोरीला. मागे मानेशी हात पोचत नाही, तेवढं कोरं राहिलं, हेसुद्धा सांगितलं."

मी फोटो पुन्हा पाहिला. बटेच्या मुळाशी आत्याच्या मानेवरचा तीळ दिसत होता.

आम्ही दोघी सलूनमध्ये गेलो. मालकिणीने आत्याच्या मानेवर बोट टेकवले आणि केस सरळ करणाऱ्या मुलीकडे वळली. "चाचणी इथे घेतलीस?"

"इथे बिघडली तरी दिसत नाही, म्हणून सगळ्यांची इथेच घेते, ताई."

"अगं, ज्यांना आधी क्रीम लागलंय, रंग लागलाय ते केस वर आहेत. चाचणी त्यांची घ्यायची!" मालकीण खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग आत्याला म्हणाली, "पैसे आजच परत करते. पण खोटं कशाला बोलू, मेलेले केस जिवंत होत नाहीत. वरून केस जोडले तर त्यांच्या ओझ्याने उरलेलेही तुटतील. कानापर्यंत नीट कापून देते. ही मागची बट तेवढी लोंबतेय, तीही कापू?"

आत्याने दोन्ही हातांनी मान झाकली. "तिला हात लावायचा नाही."

संध्याकाळी ती आजीकडे पाठ करून बसली. आखूड केसांखालून, चाचणीतून वाचलेली ती एकच बट पाठीवर उतरली होती. आत्याने तिचे तीन पेड घातले होते. जेमतेम सुतळीएवढी वेणी. आजीचा हात चाचपडत आला, तिळावर थांबला आणि शेंड्यापर्यंत गेला.

"आलीस का गं? किती वाळलीस!"

मी समोरच्या आरशात पाहत होते. आजीने वेणी मनगटाला घट्ट गुंडाळून घेतली आणि आत्याच्या कानाशी वाकली.

"हळू बोल," ती म्हणाली. "ती बाई अजून गेलेली नाही. तुझ्या जागेवरच बसलीये."

आत्या हलली नाही. वेणी सुटू नये म्हणून नुसती मान थोडी मागे झुकवून ती कुजबुजली, "असू दे, आई. तू मला धरून ठेव."