चकाकणारा दाखला

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर माफ करावं.

लेकीच्या क्लाससाठी आम्ही मायलेकी लातूरला एक खोली घेऊन राहत होतो. ती सरकारी नोकरीचा फॉर्म भरणार होती. भूकंपात घर पडलेल्यांना नोकरीत राखीव जागा असतात, म्हणून त्यात भूकंपग्रस्त दाखल्याचा नंबर आणि तारीख लिहायची होती. दाखला औशाकडं गावी, दिरांच्या पेटीत. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. दिरांनी लगेच मोबाइलवर फोटो पाठवला. पण दाखला टिकावा म्हणून त्यांनीच त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं, आणि घरात अंधार म्हणून फ्लॅश मारला होता. सगळा उजेड नेमका नंबरावर पडलेला.

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या ताईंनी फोटो मोठा केला, तर आकडे आणखीच पुसट झाले.

"शेवटचा आठ हाय, टाका," लेक म्हणाली. मला तर तीन दिसत होता.

"आधी मायलेकींचं ठरू द्या," ताई हसल्या. "अंदाजानं मी टाकत न्हाई. कागद तपासताना नंबर जुळला न्हाई, तर हिची नोकरी जाईल. दुसरा फोटो मागवा."

क्लासची फी दिरांनीच उसनी दिली होती. त्यांना किती त्रास द्यायचा?

ताई म्हणाल्या, "दाखला बाहेर सावलीत सपाट ठेवायला सांगा. फ्लॅश नको. आधी पूर्ण कागद, मग नुसता नंबर अन् तारीख जवळून. अन् 'आठ हाय का' असं विचारू नका, 'हाव' म्हणून मोकळे होतील. त्यांना काय दिसतंय ते वाचू द्या."

शेवटी मी फोन लावला.

"वहिनी, फोटू पाठवलाय की! इथं लख्ख दिसायलाय."

"नंबरावर उजेड चकाकतोय, भाऊजी. आकडाच दिसंना."

ते हसले. ताईंनी सांगितलं तसं मी त्यांना सगळं सांगितलं. दाखला घेऊन ते ओट्यावर आले आणि एकेक आकडा वाचू लागले. मी तो मोठ्यानं म्हणायची, ताई लिहून घ्यायच्या. नंबरातला शेवटचा आकडा सहा निघाला.

"सहा?" लेक ओरडली.

"सहाच, बाई! चष्मा लावून वाचायलोय," तिकडून आवाज आला.

मग त्यांनी तारीखही वाचली. मागोमाग नवे फोटो आले. ताईंनी लिहिलेल्याशी ताडून पाहिलं. नंबर जुळला, तारीखही जुळली. फॉर्म गेला. वाटेत लेकीनं मला उसाचा रस पाजला. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

पुढं ती परीक्षेत पास झाली. कागद तपासायच्या दिवशी साहेबांनी मूळ दाखला फॉर्मशेजारी धरला, नंबरावर बोट फिरवलं आणि पुढचा कागद मागितला. बाहेर बाकावर बसून मी दारातून बघत होते. लेकीनं वळून मान डोलावली.

तिच्या पगारातून आम्ही दिरांचे पैसे थोडे थोडे देत गेलो. शेवटचे द्यायला मी गावी गेले. भाऊजींनी ते न मोजताच पेटीत ठेवले. सगळे फिटले.