आबांच्या गुडघ्यासाठी लिहिलेलं चौथं कडवं

आमच्या घरात कविता करण्याचं खातं माझ्याकडे आहे. मला कविता येतात म्हणून नव्हे, बाकी कुणाला यमक जुळवता येत नाही म्हणून. ऑफिसात कुणी नोकरी सोडली की निरोपाचं कार्ड माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, उजव्या गुडघ्याची वाटी बदलून त्यांना घरी आणलं तेव्हा आई म्हणाली, "त्यांच्यासाठी काहीतरी लिही, हसतील तरी." मी बसले लिहायला. त्या कवितेपायी आबांचा जीव जाता जाता राहिला, असं मी अजून मानते. घरचे म्हणतात, तू उगाच स्वतःला लावून घेतेस. लावून घेणारच. लिहिली मी होती.

आबा एसटीत कंडक्टर होते. उभ्या उभ्या नोकरी झाली, गुडघे त्यातच गेले. पौडच्या पुढे आमचं गाव आहे, तिथल्या घरात त्यांची कॉट आम्ही हॉलमध्ये खिडकीपाशी लावली. मी जांब्याला खोली घेऊन राहते, हिंजवडीत नोकरी करते. तेव्हा महिनाभर घरून काम करायची परवानगी काढून गावी आले होते. दिवसभर लॅपटॉप मांडीवर आणि डोळे आबांच्या पायावर.

आजारी माणसासाठी गमतीची कविता लिहायची तर माझे काही नियम आहेत. हसायचं वस्तूला, माणसाला नाही. म्हणजे वॉकर चालेल, बर्फाची पिशवी चालेल, पण उंच केलेला कमोड नाही, कारण तिथे म्हाताऱ्या माणसाची लाज असते. "उद्या धावाल" अशी खोटी वचनं द्यायची नाहीत. ओळ आठ अक्षरांची ठेवायची, म्हणजे पडून वाचणाऱ्याला मध्येच श्वास लागत नाही. आणि अक्षर मोठं काढायचं, चष्मा शोधावा लागला की हसू जातं. मी कार्डशीटवर जाड पेनाने लिहिलं आणि कॉटसमोरच्या कपाटावर चिकटवलं:

गुडघ्याची गाडी जुनी
धावली ती दूर दूर
नवा जोड बसवला
आता बंद कुरकुर

वॉकरचे चार पाय
आणि आबांचे ते दोन
सहा पायांनी निघाले
यांना अडवेल कोण

टाच ओढा, पाच मोजा
बर्फ ठेवा, पाय ताणा
उशी नको गुडघ्याशी
लाड पुरे, शिस्त आणा

'दुखतं' हा शब्द यांच्या
गाडीत नाही चढला
विनातिकीट म्हणून
आबांनी खाली काढला

तिसरं कडवं मी मुद्दाम व्यायामाचं केलं होतं. व्यायाम शिकवायला एक ताई दिवसाआड घरी यायच्या. त्यांनी सांगितलं होतं, पडल्या पडल्या टाच कुल्ल्याकडे ओढायची, गुडघा वळेल तेवढा वळवून पाच अंक थांबायचं, मग सोडायचं. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. मध्ये मध्ये पाय सरळ ताणून गुडघा गादीत दाबायचा. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. आणि दर तासाला पावलं वरखाली हलवायची, रक्त पायात थांबून राहू नये म्हणून. आबा टाच ओढत, मी कवितेची एक ओळ सावकाश म्हणे. एका ओळीत बरोबर पाच अंक बसत. ताईंना ते भलतंच आवडलं.

पण जाताना त्यांनी मला दाराशी थांबवून आणखी एक सांगितलं होतं. पोटरीत दुखायला लागलं, एकच पाय जास्त सुजला, हाताला गरम लागला, तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. आणि काही झालं तरी पोटरी चोळायची नाही.

त्या दिवसापासून मी जास्तच घाबरून होते. आबा शिंकले तरी मी उठून उभी राहायची. रक्त पातळ करायची गोळी त्यांच्या जिभेवर ठेवून, पाणी प्यायल्यावर तोंड उघडायला लावायची. आई वैतागून म्हणाली, "अगं, शाळेत असल्यासारखं काय करतेस त्यांना." मी तिलाच ओरडले. दर सकाळी विचारायचे, "आबा, पोटरीत दुखतंय का?" ते कपाटाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "वाच की. कुटं चढलंय दुखनं?"

भेटायला माणसं येत होती. आबांच्या बरोबरचे निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर आले, जयभीम झाला, चहा झाला, की कवितेचं वाचन. चौथ्या कडव्याला हशा ठरलेला. एका ड्रायव्हरकाकांनी तर आबांच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, "ह्यो आमचा गडी लई खमक्या. एवढं हाड कापलं, पर हूं न्हाई का चूं न्हाई." कुणीतरी फोनवर फोटो काढला आणि तो सगळ्या नातेवाइकांत फिरला. मी आपली खूश. एवढी दाद मला ऑफिसात कधी मिळाली नव्हती.

घरी आणल्याच्या नवव्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, मी बर्फाची पिशवी घेऊन कॉटपाशी गेले आणि बामाचा वास आला. आबांचं डोकं दुखत असेल म्हणून मी कपाळाजवळ वाकले. वास तिथून येत नव्हता, चादरीखालून येत होता.

चादर उचलली. उजव्या पोटरीवर बाम चमकत होता. ऑपरेशनचा पाय सुजलेला असतोच, पण गुडघ्याची सूज उतरत आली होती आणि ही खाली नवीनच सूज होती. हात लावला तर पाय गरम. थोडंसं दाबलं तर आबांनी दात आवळले, पण आवाज काढला नाही.

आई ब्लाउज शिवते, तिची मापाची टेप शिलाई मशीनवर होती. ती आणली. गुडघ्याखाली एकाच अंतरावर दोन्ही पोटऱ्यांवर पेनाने खूण केली आणि मोजलं. उजवी डावीपेक्षा चार सेंटिमीटर जास्त भरली. माझंच चुकलं असेल, असं वाटून आईला मोजायला दिलं. तिचंही तेवढंच आलं.

"कधीपासून, आबा?"

"परवापास्नं."

"आणि चोळलंत?"

"चोळलं न्हाई, नुसता लावलाय. वाईच हात फिरवला."

"मला का नाही सांगितलंत? रोज विचारत होते ना मी!"

ते माझ्याकडे बघेनात. कपाटाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "समद्यांनी वाचलंय त्ये. आता कसं म्हनू, दुखतंय म्हनून?"

मला त्यांचा असा राग आला, की मी पहिल्यांदा काय केलं तर कार्डशीट ओढून काढली. ती अर्धी फाटली, चौथं कडवं कपाटालाच चिकटून राहिलं. मग दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, चालवू नका, पोटरीला हात लावू नका, ताबडतोब घेऊन या.

वडिलांनी गाडी काढली. आबांना मागच्या सीटवर पाय लांब करून आडवं बसवलं आणि मी पायाच्या बाजूला अंग चोरून बसले. दवाखाना भूगावच्या बाजूला, आमच्यापासून तासाचाही रस्ता नाही. पण पिरंगुटच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि पुढे सगळं ठप्प होतं. मी आबांच्या छातीकडे बघत होते. वरखाली होतेय ना, एवढंच. दर दोन मिनिटांनी विचारत होते, "दम लागतोय का? छातीत दुखतंय का?" ते "न्हाई" म्हणायचे, आणि आता त्यांच्या "न्हाई"वर माझा विश्वास उरला नव्हता. एका माणसाला मी गमतीगमतीत खोटं बोलायला शिकवलं होतं आणि ते तो प्रामाणिकपणे पाळत होता. पुढे मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. काच खाली करून मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दवाखान्यात सोनोग्राफीसारखी तपासणी झाली. मला आत उभं राहू दिलं. डॉक्टरीणबाई मांडीपासून खाली एकेक शीर पडद्यावर दाखवत यंत्राने दाबत होत्या. धड शीर दाबली की चपटी होऊन मिटते. मांडीतल्या मिटल्या, गुडघ्यामागची मिटली. प्रत्येक वेळी मी श्वास सोडत होते. पोटरीतली एक मिटली नाही. बाईंनी पुन्हा दाबलं. तरी नाही.

गुठळी होती. पोटरीतच होती, वर सरकली नव्हती. "वेळेत आणलंत," ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करायचं औषध वाढवलं, दोन दिवस नजरेखाली ठेवून घेतलं. पुढे तीन महिने गोळ्या चालल्या, गुडघाही हळूहळू वळला, पण ते सगळं नंतरचं. त्या दोन दिवसांत कुणालाच काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरी कपडे आणायला गेली आणि मी एकटी आबांजवळ होते. औषधाच्या पाकिटामागे मी चौथं कडवं नवीन लिहिलं होतं. झालेली चूक निस्तरायची मला हीच एक रीत येते.

"ऐका आबा. 'दुखलं की बोंब मारा, अख्खी गाडी थांबवीन.' पुढचं जुळवतेय अजून."

आबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पर तसं न्हवतं त्ये."

"मग कसं होतं?"

"लोकं हसत्याल म्हनून मी गप न्हवतो. कविता आपली सांगायला बरी पडली." ते चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "सांगितलं तर तू परत हितं आनशील, ठावं हुतं. आन् हितनं दुसऱ्यांदा घरी जाईन का न्हाई, ह्याचं भ्या वाटत हुतं. लई भ्या."

ज्या माणसाने दारू पिऊन गाडीत चढलेल्यांना एका हाताने खाली उतरवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं, तो माणूस हे सांगत होता. मी औषधाचं पाकीट बाजूला ठेवलं.

"आत्ता पण वाटतंय?" मी विचारलं.

"व्हय. आत्ता बी."

"मलाही वाटतंय, आबा. ऑपरेशनच्या दिवसापासून वाटतंय. रोज."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग डावा पाय जरा आत घेऊन कॉटवर मला बसायला जागा केली.

"मंग बोलायचं न्हाई व्हय," ते म्हणाले. "तू रोज हसवत हुतीस. मला वाटलं, घरात भ्यालेला मी येकटाच हाय."