जुने पैसे, येणारे पैसे

नवऱ्याच्या पेन्शन खात्याची स्टेटमेंट्स मी तो असताना कधी उघडली नाहीत. दर पगारातून त्याची वर्गणी कापली जायची, कंपनी आपली भर घालायची आणि दर तीन महिन्यांनी अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या आमच्या घरी लिफाफा यायचा. तो गेल्यावर खातं माझ्या नावावर करायचं म्हणून मी ती फाइल काढली.

वर्षानुवर्षं सगळी युनिट्स एकाच फंडात होती. तो पासष्टीचा होणार ते साल त्या फंडाच्या नावातच होतं, २०४५. मार्चच्या पानावर मात्र ती सगळी युनिट्स विकून पैसे स्टेबल फंडात टाकलेले. मुद्दल शाबूत, परतावा जेमतेम.

हे मला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये मित्राकडे जेवताना जो तो आपले रिटर्न्स सांगत होता, तेव्हा मीच म्हणाले होते, "याला विचारू नका यार! मार्केट वर चाललंय आणि हा घाबरून सगळं स्टेबलमध्ये मूव्ह करून बसलाय." सगळे हसले. तोही हसला.

आता मी युनिट्स विकल्याची तारीख पाहिली. हॉस्पिटलच्या बिलांमध्ये त्या तारखेच्या चार दिवस आधीची बायोप्सी होती. त्या दिवशी तो मला डेंटिस्टकडे जातो म्हणाला होता. खरं सांगितलं जूनमध्ये. म्हणजे त्या जेवणाच्या वेळी त्याला सगळं माहीत होतं. मला फाइल मिटवेना. तो बाजूच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघतोय असं वाटत राहिलं.

पुढच्या पानांवर २०४५चा फंड पुन्हा दिसला. थोडीशी युनिट्स, दर तिमाहीत वाढत गेलेली. मी खात्याच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी समजावलं की जुनी शिल्लक हलवली तरी येणारी वर्गणी आधीच्याच फंडात जात राहते, त्यासाठी वेगळी सूचना द्यावी लागते. बरेच लोक विसरतात म्हणाल्या.

हा विसरणारा नव्हता. मुलीला पहिली नोकरी लागली तेव्हा यानंच बजावलं होतं, "फंड चेंज केलास तर दोन्हीकडे कर. जुने पैसे वेगळे, येणारे वेगळे." "आय नो, बाबा," ती वैतागून म्हणाली होती.

जुने पैसे त्यानं माझ्यासाठी सांभाळून ठेवले. येणारे मात्र केमो चालू असताना, अगदी शेवटच्या पगारापर्यंत, २०४५मध्येच जाऊ दिले.

"हेही स्टेबलमध्ये टाकायचे असतील तर खातं तुमच्या नावावर झाल्यावर टाकता येतील," बाई म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्याला जगायचं होतं, आणि हे त्यानं मला सोडून त्या खात्याला सांगितलं. त्याचा मला अजून राग येतो.