चौथी कॉर्ड

निकाल फलकावर लागला तेव्हा लारिहुन सिंगक्लीने आधी स्वतःचा क्रमांक पाहिलाच नाही. तिने शेजारी टाचलेली उत्तरतालिका वाचली. सतराव्या प्रश्नाशी तिचं बोट थांबलं. गाण्याच्या ओळीतल्या सहा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे सहा गुच्छ, ओळखायच्या होत्या. तालिकेत छापलं होतं : सी, ए मायनर, एफ, ई मायनर, डी मायनर, जी.

चौथी कॉर्ड चुकली होती. लारिहुनची नव्हे, तालिकेची.

शिलाँगमधल्या नव्या संगीत प्रशिक्षण केंद्रात रॉक वाजवणाऱ्या मुलांना कान तयार करून देणारे दोन शिक्षक नेमायचे होते. त्रेचाळीस जण परीक्षेला बसले. सहाच्या सहा कॉर्ड बरोबर आल्या तरच त्या प्रश्नाचे सहा गुण मिळायचे. एक चुकली की शून्य. लारिहुनने चौथ्या जागी ‘सी, खाली बेस ई’ असं लिहिलं होतं : कॉर्ड सीचीच, फक्त तळाचा सूर ई. तिला शून्य मिळालं आणि ती तिसरी आली. वय एकावन्न. बावन्नाव्या वर्षी अर्ज करता येत नव्हता. अठ्ठावीस वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत मुलांना शिकवत आली होती. पगाराच्या, नावाच्या, पाटी लावलेल्या वर्गात शिकवण्याची ही पहिली आणि शेवटची संधी होती.

हा कान तिला चर्चमध्ये मिळाला. तिचे वडील मॉखारच्या चर्चमध्ये गायकवृंद बसवत. भिंतीवर टांगलेल्या मोठ्या कागदावर डो-रे-मीची अक्षरं असत. डो म्हणजे आपला सा, मी म्हणजे गंधार, सो म्हणजे पंचम, टी म्हणजे निषाद. डो कुठे धरायचा ते वडील ठरवत. खालच्या पट्टीत गाणारे पुरुष बाजारातून उशिरा येत, म्हणून नऊ वर्षांच्या लारिहुनला वडील त्यांची ओळ एक सप्तक वर गायला लावत. इतर मुली वरची चाल गात तेव्हा ही खालचा पाया गाई. पुढे आयुष्यभर कुठलंही गाणं कानावर पडलं की तिला आधी तळ ऐकू यायचा, मग छप्पर.

कॅसेटच्या काळात तिच्याकडे रॉक शिकायला येणाऱ्या पोरांना बेस ऐकूच येत नसे. गिटारच्या गोंगाटात तो बुडालेला असे. ती टेपरेकॉर्डर लाकडी कपाटावर ठेवी आणि पोरांना कपाटाच्या फळीला कान लावायला सांगे. फळी थरथरे, त्यातून बेस कळे. मग तो सूर एक सप्तक वर गुणगुणायचा, कारण तळातला सूर गळ्यात आणल्याशिवाय बोटात येत नाही. टेप जलद-सावकाश फिरायची, म्हणून गिटार आधी टेपशी जुळवायची. कुणी वहीत पाहून वाजवू लागला की ती वही बंद करी. एकदा एकाने घरघराट करणाऱ्या गिटारवरच्या कॉर्डला ‘मेजर’ म्हटलं. तिने विचारलं, “गंधार कुठे ऐकलास?” मग तिनेच सांगितलं, मेजर की मायनर ते मधला गंधार ठरवतो. “डो आणि सो, दोनच सूर आहेत. मधला आहेच कुठे? नसलेल्या माणसाची जात सांगतोस होय रे?”

तर अशा बाईला त्या सतराव्या प्रश्नात शून्य.

हरकत घ्यायला तीन दिवसांची मुदत होती. छापील अर्जात ‘पुरावा’ असा रकाना होता. लारिहुनने तिथे लिहिलं : कान. चौथ्या दिवशी अर्ज परत आला. त्याला इंटरनेटवरून छापलेले तीन कागद जोडले होते आणि तिन्हींवर ई मायनर होतं. खाली शेरा : हरकत अमान्य.

तो कागद घेऊन ती डोनबोरच्या चहाच्या दुकानात गेली. बाह म्हणजे दादा. हा बाह डोनबोर एकेकाळी गावातल्या चांगल्या बॅंडचा गिटारवाला होता. आता लाल चहा आणि तांदळाचे पुथारो विकत होता. परीक्षेत वाजवलेलं गाणं त्याच्याच बॅंडचं होतं. गावातलं गाणं म्हणून केंद्राने मोठ्या अभिमानाने निवडलेलं. कॅसेटच्या कागदावर बेसवाला म्हणून हॅम्बर्टचं नाव होतं. पण रेकॉर्डिंगच्या आठवड्यात हॅम्बर्ट टायफॉइडने पडला होता आणि त्या कॅसेटवर बेस वाजवला होता लारिहुनने. नाव बदलायचं राहिलं, असं त्या वेळी सांगितलं गेलं. खरं म्हणजे चार पुरुषांच्या फोटोत पाचवं नाव बाईचं कुठे लावायचं, हे कुणाला सुचलं नव्हतं. परीक्षेच्या दालनात ते गाणं सुरू झालं तेव्हा तिचं पेन क्षणभर थांबलं होतं. मग तिने इतरांसारखंच ऐकून लिहिलं.

डोनबोर म्हणाला, “काँग, यात डोकं कसलं घालवतेस? जा आणि सांग की तो बेस मी वाजवलाय. मी साक्षीला येतो. दुकान बंद ठेवून येतो.”

काँग म्हणजे ताई. गावात सगळेच तिला काँग म्हणत.

“तेव्हा का नाही आलास साक्षीला? सत्तावीस वर्षं झाली.”

डोनबोर कप पुसू लागला.

ती म्हणाली की तिने वाजवलं म्हणून ते बरोबर ठरणार असेल तर उद्या एखादा बडा माणूस चूक वाजवेल आणि तेही बरोबर ठरेल. पोरांना ती रोज सांगते की कोण म्हणतं ते विचारू नका, काय वाजतंय ते ऐका. आता स्वतःच्या वेळी ओळखपत्र काढून दाखवू? चहा अर्धा ठेवून ती उठली.

केंद्राचा संचालक किर्मेन रिंजा दोन वर्षं तिच्याच पुढच्या खोलीत शिकलेला. तिला पाहून तो खुर्चीतून उठला, चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली. तिने अर्ज टेबलावर ठेवला.

“काँग, माझ्या हातात काही नाही. तीन ठिकाणी ई मायनरच आहे.”

“तिघांनी एकमेकांचं उतरवलं असेल. तू ऐकलंस?”

“समितीने तालिका तयार केली.”

“ते नाही विचारलं. तू ऐकलंस का?”

किर्मेनने ऐकलं नव्हतं. समितीतल्या कुणीच ऐकलं नव्हतं. वेळ कमी होता, असं तो पुटपुटला. त्रेचाळीस जणांच्या कानांची परीक्षा घ्यायला बसलेल्या पाच माणसांनी स्वतःचा एकही कान वापरला नव्हता, हे ऐकून लारिहुनच्या कानशिलात रक्त चढलं. पण ती ओरडली नाही. तिने सांगितलं, आत्ता वाजव.

त्याने लॅपटॉपवर गाणं लावलं. त्या चिमुकल्या आवाजात बेस मुळी नव्हताच. “यावर ऐकून तर हे असलंच उत्तर येईल,” ती म्हणाली. “दालनातला मोठा स्पीकर आण. आणि एक गिटार.”

दोन्ही आलं. दारात कारकून, शिपाई, फी भरायला आलेल्या दोन मुली उभ्या राहिल्या. किर्मेनला ते नको होतं, पण दार लाव म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

“आधी बेस गा. सीला डो धर.”

तो संकोचत गायला : डो, ला, फा, मी, रे, सो. बरोबर होतं. मग तो जरा धिटाईने म्हणाला, “बघा, चौथा मी आहे. मी म्हणजे ई. म्हणून ई मायनर.”

“खाली उभा असलेला माणूस घराचा मालकच असतो का? भाडेकरू नसतो?” दारातल्या मुली हसल्या. “ई मायनरमध्ये काय काय लागतं?”

“मी, सो, टी.”

“आणि सी मेजरचा मी खाली ठेवला तर?”

“मी, सो, डो.”

“म्हणजे भांडण एकाच सुराचं. वर टी आहे की डो. तिसऱ्या कॉर्डमध्ये, एफमध्ये, वर डो आहे ना? तो डो धर. चौथी येईल तेव्हा हलू नकोस.”

गाणं पुन्हा लागलं. एफ आली, किर्मेनने डो धरला. बेस फावरून मीवर उतरला. किर्मेनचा डो तिथेच राहिला आणि गिटारच्या डोमध्ये असा मिसळला की तो गातोय की नाही हेच कळेना. लारिहुनने गाणं थांबवलं. “आता तोच डो पुन्हा धर.” आणि तिने गिटारवर ई मायनर छेडली. त्याचा डो शेजारच्या टीशी घासला. दारातल्या शिपायानेही तोंड वाकडं केलं. मग तिने सी मेजर छेडली, खाली मी ठेवून. घासणं गेलं.

किर्मेनने टेबलावरचा अर्ज पुढे ओढला. तो म्हणाला, “काँग, तुमचे सहा गुण वाढवून देतो.”

आता मात्र तिचा आवाज चढला. “माझे? मला भीक घालतोस? ज्यांनी ज्यांनी हे बरोबर ऐकलं त्या सगळ्यांना तुम्ही चूक ठरवलंत. त्यांच्यातली पोरं आज घरी बसून स्वतःच्या कानावर संशय घेत असतील. कान एकदा भ्याला की दुरुस्त करायला वर्ष जातं. तुझा भ्याला होता तेव्हा मला किती महिने लागले, आठवतंय? सगळ्या उत्तरपत्रिका काढ.”

आठवड्याने दुसरा निकाल लागला. चौथी कॉर्ड नऊ जणांनी बरोबर लिहिली होती. लारिहुन पहिली आली, जोवाईचा एक मुलगा दुसरा. आधी निवडलेले दोघंही गळले. त्यातल्या एकाने नोकरीच्या भरवशावर भाड्याची खोली घेतली होती. बाजारात दिसला की तो लारिहुनकडे पाठ फिरवायचा. तिला त्याचा राग आला नाही. त्याची निवड करून मग ती काढून घेणाऱ्यांचा आला. समितीने दिलगिरीचं एक अक्षर लिहिलं नाही. नव्या निकालाखाली ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच होतं. तो कागद तिने फलकावरून काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला, आणि किर्मेनने विचारल्यावर परत दिला नाही.

पहिल्या तासाला तिने तेच गाणं लावलं. अकरा मुलांपैकी सात जणांनी ई मायनर लिहिलं. तिने सगळ्यांना उभं करून डो धरायला लावला. तिसऱ्या वेळेला बेस खाली सरकला आणि वरचा डो जागचा हलला नाही, ते सगळ्यांना कळलं. पुढच्या बाकावरच्या इबानरी नावाच्या मुलीने विचारलं, “काँग, इथे तर सरळ सीच वाजवता आली असती. हा मीवर उतरला कशाला?”

“फावरून रेवर जायचं होतं. मधली पायरी सोडून उडी मारायची नव्हती.”

“डोकेबाज माणूस,” मुलगी म्हणाली. तिने फोनवर कॅसेटच्या जुन्या कागदाचा फोटो शोधून पाहिला. “हॅम्बर्ट. नाव कधी ऐकलं नाही.”

संचालकाच्या खोलीत ‘तो बेस माझा’ एवढंच बोलली असती तर लारिहुनचं काम दोन मिनिटांत झालं असतं. इथे त्यातून तिला काही मिळायचं नव्हतं.

“हॅम्बर्ट तापाने पडला होता,” ती म्हणाली. “बेस मी वाजवलाय. ते नाव चूक आहे. पेन काढ आणि वहीत बरोबर लिही. सगळ्यांनी लिहा.”

अकरा जणांनी माना खाली घातल्या आणि लिहिलं. ती बाकांमधून फिरत एकेकाची वही तपासत गेली. एकाने सिंगक्ली चुकीचं लिहिलं होतं. त्याला तिने खोडून पुन्हा लिहायला लावलं.