वरच्याकडून येतो, खालच्याकडे जातो

मुरबाडकडच्या आमच्या गावात तेव्हा लग्नाच्या पंगतीला थर्माकोलच्या ताटल्या नव्याने आल्या होत्या. जेवण उरकलं की ताटल्या, ग्लास, पिशव्या सगळं ओहोळाच्या काठावर पडायचं आणि पावसाळ्यात वाहत भाताच्या खाचरांत शिरायचं. लावणीआधी चिखलणी करताना पायाला चिखल कमी, प्लास्टिक जास्त लागायचं.

माझ्या सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, पण रोजचा पेपर त्या माझ्याकडून वाचून घेत. एक दिवस म्हणाल्या, "त्या वाचकांच्या पत्रांत आपलंबी एक टाक गो."

मी कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहायला बसले. त्या सांगत गेल्या. "कुनाचं नाव नको. लिव, वरच्याचा कचरा आमच्या खाचरात येतो, तसा आमचाबी खालच्याच्या खाचरात जातो. शेजाऱ्याच्या दारात घान जाऊ न देनं, हाच शेजारधर्म." नाव-पत्त्याशिवाय पत्र छापत नाहीत, म्हणून खाली त्यांचं पूर्ण नाव आणि गाव घातलं. पक्की प्रत पाठवली, कच्चा कागद मी ठेवून दिला.

आठवड्याने पत्र छापून आलं. मथळा संपादकांचा होता, 'ओहोळात कचरा फेकणाऱ्यांना आवरा'. पत्राला कात्री लागली होती, आणि नेमकं 'आमचाबी खालच्याच्या' हेच वाक्य गेलं होतं. आता ते सरळ ओहोळाच्या वरच्या अंगाला असलेल्या घरावर बोट दाखवल्यासारखं वाचलं जात होतं.

वरच्या घरची बाई सासूबाईंची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. तिने विहिरीवर तोंड फिरवलं.

सासूबाईंनी घरी येऊन हंडा खाली ठेवला. म्हणाल्या, "तो कच्चा कागद घे नि चल."

तिच्या ओटीवर उभं राहून मी सगळं पत्र वाचलं. ती म्हणाली, "ते वाक्य परत वाच." मी वाचलं.

"मंग पेपरवाल्यानी तेच कसं खाल्लं?"

"जागा नसंल," सासूबाई म्हणाल्या. "माझा काय दोस नाय गो. तरी तुला लागलं, ते माझ्याच नावानं."

ती एकदम हसायला लागली. "खरं सांगू? कचरा तर माझाच व्हता. म्हनून तर लागलं." आणि चहा ठेवायला आत गेली.

संपादकांना आम्ही पोस्टकार्ड पाठवलं की गाळलेलं वाक्य तेवढं छापा. चार दिवसांनी कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा आला. सासूबाईंनी तो मैत्रिणीला दाखवायला नेला, तर तिने आधीच कुणाकडून तरी वाचून घेतला होता.

त्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचं लग्न झालं. पंगतीला पळसाच्या पत्रावळी होत्या. मांडवामागे खड्डा खणला होता आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून वरमाय स्वतः बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओरडून सांगत होती, "हितं टाका रे, ओहोळाकडं नाय! खाली आपलीच मानसं ऱ्हातात."