शेर मादाम, म्हणजे आमची आई

जेवायला कुणी पाहुणा आला की आई त्याच्या ताटाकडे नाही, तोंडाकडे बघायची. पहिल्या घासाला भुवई वर गेली की आई निवांत. त्या संध्याकाळी ती भुवई काही वर गेली नाही.

पाहुणी होती फ्रान्सची, पंचविशीची मुलगी. हातमागाच्या साड्यांचा अभ्यास करायला नागपुरात आली होती. आम्ही मूळचे विणकर, बाबांचं साड्यांचं दुकान, त्यामुळे उमरेडचे माग तिला बाबांनीच दाखवले आणि जेवायलाही त्यांनीच बोलावलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं. "ते शिकून कोणते दिवे लावणार आहेस वं?" असं बाबा येताजाता विचारायचे. आणि पाहुणीसमोर माझी तर वाचाच बसली.

आईनं पातोडीचा रस्सा केला होता, गोळाभात होता. तव्यावरची पोळी थेट ताटात पडत होती. बाबा "घ्या, घ्या" करत सुटले होते. पाहुणी मात्र आईकडे बघत नुसती बसून राहिली. पोळी निवली, रश्श्यावरची तर्री थिजली. शेवटी बाबांनी फारच आग्रह केला तेव्हा तिनं सगळं संपवलं, पण चवीबद्दल एक अक्षर बोलली नाही. हसून निरोप घेतला आणि गेली.

"तिले नाही आवडलं," भांडी आवरता आवरता आई म्हणाली. "जिवावर येऊन जेवली बिचारी. आता बाहेरच्या माणसाले माझ्या हातचं नको." माझा जीव तुटला. आईची सगळी पत त्या चुलीवरच होती हो, दुसरीकडे कुठे तिला कोण विचारत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षावाला निशिगंधाच्या लांब दांड्यांची जुडी आणि एक लिफाफा देऊन गेला. आमच्या घरात फुलं यायची ती देवाला नाहीतर केसात. "हे कोण्या देवाले वाहू?" आईनं विचारलं. फुलदाणी नव्हतीच. पितळी तांब्यात खोचली.

लिफाफ्यावर आईचं नाव होतं, एकटीचं. बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला. "मी बोलावलं न् चिठ्ठी हिले?"

तेव्हा माझ्या फ्रेंचनं दिवे लावले म्हणा. त्या लोकांची रीत मी पुस्तकात वाचली होती, ती आत्ता कुठे आठवली, मग सांगितली. आमंत्रण कुणाचंही असो, आभार घरच्या बाईचे मानायचे, दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या हातानं लिहून. फुलंही दुसऱ्या दिवशी पाठवायची, म्हणजे पाहुण्यांना सोडून बाईला ती ठेवायला धावावं लागत नाही. जेवताना पदार्थांची वाखाणणी करत बसणं जुन्या वळणाच्या घरात बरं दिसत नाही, ते चिठ्ठीत लिहायचं.

"वाच ना मग," आई म्हणाली आणि पदराला हात पुसत खाली बसली.

कोऱ्या पांढऱ्या कार्डावर निळ्या शाईत जेमतेम सात-आठ ओळी. 'शेर मादाम', म्हणजे प्रिय बाई. मी अडखळत अर्थ सांगत गेले. कालच्या संध्याकाळबद्दल मनापासून आभार. बेसनाच्या वड्यांच्या त्या रश्श्याबद्दल मी माझ्या आईला पत्रात कळवणार आहे, पण त्याची चव सांगता येईल असं वाटत नाही. आमच्याकडे घरची बाई पहिला घास घेईपर्यंत पाहुणे जेवायला सुरुवात करत नाहीत, म्हणून मी थांबले होते, त्याबद्दल क्षमा असावी. एकच रुखरुख राहिली, तुम्ही आमच्यासोबत बसला नाहीत. शेवटी, तुमच्या यजमानांना माझी आठवण सांगावी.

"मले एवढंच?" बाबा म्हणाले.

आई हसली नाही. "माझ्यासाठी थांबली होती?" तिनं विचारलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं आणखी एकदा वाचायला लावली.

पुस्तकाप्रमाणे आभाराच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं नसतं. आईनं दिलं. पुढच्या रविवारी जेवायला ये, एवढंच मला लिहायला लावलं.

रविवारी तव्यापाशी मी होते. आई पाहुणीशेजारी अवघडून बसली, सारखी उठू बघत होती. पाहुणीनं हात मांडीवर ठेवले. बाबांनी घास मोडला होता, त्यांनी एकदा पाहुणीकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि तो परत ताटात ठेवला. सगळे आईसाठी थांबले.

आईनं माझी वेडीवाकडी पोळी मोडली, रश्श्यात बुडवली, तोंडात घातली. तिचीच भुवई वर गेली. पातोडी तिनंच रांधली होती, वर्षानुवर्षं रांधत होती. ती गरम गरम कशी लागते, हे तिला आज कळत होतं.

"चांगली लागते वं," ती मला म्हणाली, आणि तिनं आणखी एक पोळी मागितली.