बाद तासांचा खजिनदार

ऑफिसात त्याला सगळे खजिनदार म्हणत. म्हणत ते पाठीमागे, पण एकदा त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याला राग यायच्या ऐवजी छाती फुगली. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, की ऑफिसात आपल्याला मान आहे. ती भाजी चिरत होती. "खजिना कोणाचा?" तिने विचारलं. उत्तर देण्याजोगा प्रश्न नाही असं ठरवून तो हातपाय धुवायला गेला.

खजिना होता तासांचा. वेबसाइटी सांभाळणारं, जाहिराती आणि माहितीपत्रकं करून देणारं ते जेमतेम वीस माणसांचं ऑफिस. मोठी गिऱ्हाइकं दर महिन्याला ठरलेले पैसे आगाऊ भरत आणि त्या बदल्यात वीस तासांचं काम त्यांच्या नावावर जमा होई. उरलेले तास पुढच्या महिन्यात जात, पण दहापेक्षा जास्त नाहीत. आणि असे पुढे गेलेले तास त्या महिन्याच्या अखेरीस बाद होत. कापताना आधी जुने तास, मग नवे. सगळे संपले, की पुढच्या प्रत्येक तासाला दीडपट दर. यात वावगं काही नव्हतं. वर्षभर तास साठवून गिऱ्हाइकाने एकाच आठवड्यात सगळं काम अंगावर टाकू नये, म्हणून मुदत होती. तास वेळेवर वापरले जाताहेत ना, हे बघायला एक माणूस नेमला होता. तो माणूस म्हणजे हा.

याने नेमका उलटा अर्थ काढला. गिऱ्हाइकाचा तास बाद झाला म्हणजे कोणी खुर्चीतून न उठता कमाई झाली, असा साधा सरळ हिशोब त्याच्या डोक्यात बसला, आणि एकदा बसला तो हलला नाही. महिनाअखेरच्या बैठकीत बाद तासांचा आकडा तो अशा आवाजात वाचायचा, की जणू ते तास त्याने स्वतः शिकार करून आणलेत. मालक मान डोलवायचे. तेवढ्यावर याचा पुढचा महिना निघायचा.

त्याची एक पद्धत होती. वीस तारखेनंतर कोणी काम धाडलं, की हा प्रश्न काढायचा. मजकूर अंतिम आहे का? मंजुरी कोण देणार? फोटो मूळ आकाराचे आहेत का? मोबाइलवर कसं दिसायला हवं? चारही प्रश्न एका दमात विचारायचे नाहीत. आज एक, त्याचं उत्तर आलं की परवा दुसरा. तास काम मागितलं तेव्हा नाही, काम केलं तेव्हा कापला जातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चार उत्तरं येईपर्यंत एक तारीख उजाडायची आणि जुने तास बाद झालेले असायचे. तास संपत असल्याची सूचना आठवडाभर आधी द्यावी असं करारात होतं. ती तो न चुकता द्यायचा. महिन्याच्या पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, फिक्या राखाडी अक्षरांत. याला तो हुशारी म्हणायचा.

नऊ वर्षं त्याने हे केलं ते भागीदार होण्याच्या आशेवर. नवव्या वर्षाच्या सुरुवातीला मालकांनी शब्दच दिला: "चष्मेवाल्या बाईंचा करार पुढच्या दोन वर्षांसाठी पुन्हा झाला, की तू भागीदार." चष्मेवाल्या बाई म्हणजे सहा दुकानांची मालकीण, ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या दिवसापासून खजिनदार जमिनीवर चालायचा बंद झाला. त्याने कोपऱ्यातली केबिन हेरून ठेवली. नावाखाली 'भागीदार' असं लिहिलेलं कार्डसुद्धा डिझायनरकडून करून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. लिफ्टमध्ये एकटा असला, की तो ते काढून बघायचा.

त्याच वर्षी बाईंनी सातवं दुकान काढायचं ठरवलं आणि वीस तारखेला उद्घाटनाचं सगळं काम पाठवलं. डिझायनर रिकामीच बसली होती. "मी मोकळी आहे, आजच धरते," ती म्हणाली.

"घाई काय आहे?" खजिनदार म्हणाला, आणि पहिला प्रश्न पाठवून दिला.

बाईंच्या नावावर तेव्हा मागचे सहा आणि चालू महिन्याचे वीस असे सव्वीस तास होते. काम होतं चोवीस तासांचं. लगेच हातात घेतलं असतं तर आरामात बसलं असतं आणि दोन तास पुढे गेले असते. पण प्रश्नोत्तरं एक तारखेपर्यंत चालली. मागचे सहा गेले. चालू वीसपैकी दहाच पुढे सरकले, उरलेले दहाही गेले. नव्या महिन्याचे वीस मिळून तीस तास झाले, त्यात हे चोवीस आणि नेहमीचं किरकोळ अकरा तासांचं काम आलं. पाच तास वर. सोळा तास गिळून वर पाच तासांचं दीडपट बिल लावलं, आणि हे गृहस्थ त्या रात्री शांत झोपले.

बाईंचा फोन आला. "हे पाच तास जास्तीचे कसे?"

त्याने लहान मुलाला समजवावं तसं सगळं समजावलं. शेवटी, नेहमीचं वाक्य टाकलं: "तास साठवून ठेवता येत नाहीत, बाई. वेळेत वापरायचे होते."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पैसे भरले. याने ते 'बरं' निष्ठेच्या खात्यावर जमा केलं. शहाणा माणूस असता तर त्या 'बरं'ने घाबरला असता.

वर्षाचा एकच महिना उरला तेव्हा करार पुन्हा करण्यासाठी तो त्यांच्या पहिल्या दुकानात गेला. दुकानामागच्या खोलीत बसवलं त्याला. एका बाजूला काचा घासायचं यंत्र घरघरत होतं, समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. नवा शर्ट, पाकिटात कार्ड. लॅपटॉप उघडून त्याने आलेख दाखवला. अकरा महिन्यांचे दोनशे वीस तास, वापरलेले त्याच्या निम्मे.

"बघा," तो कौतुकाने म्हणाला, "तुमची व्यवस्था इतकी चोख आहे, की तुम्हाला आमची गरजच फारशी पडली नाही."

अख्ख्या धंद्यात हे वाक्य गिऱ्हाइकासमोर उच्चारणारा हा एकटाच असेल. तास पडून राहणं म्हणजे गिऱ्हाईक दाराकडे बघू लागल्याची खूण, हे कालचा नवशिकाही जाणतो. हा त्याच खुणेचा रंगीत आलेख काढून घेऊन आला होता.

बाई हातातल्या चष्म्याची काच पुसत होत्या. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

"म्हणजे मला महिन्याला दहा तास पुरतात."

"तसंच काही नाही, म्हणजे..."

"चष्मा नेला की महिन्याभराने आम्ही फोन करतो. घालताय ना, म्हणून विचारतो," बाई म्हणाल्या. "डब्यात पडून असेल तर बोलावून घेतो, काय टोचतंय ते बघतो. कारण ज्याचा चष्मा डब्यात राहतो तो पुढचा आमच्याकडे घेत नाही. तुम्ही कधी विचारलंत मला, तास वापरताय ना?"

"सूचना जाते ना, दर महिन्याला."

"राखाडी अक्षरातली. वाचते मी. लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणं हाच माझा धंदा आहे."

खजिनदाराने तक्त्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"करार पुढे करायचा नाही," बाई म्हणाल्या. आवाज तसाच, काच पुसण्याचाच. "शेवटच्या महिन्यात माझे किती तास असतील?"

"वीस. आणि या महिन्यातले दहा पुढे येतील."

"तीस. ठीक आहे."

एक तारखेला ऑफिस उघडायच्या आतच त्यांचं पत्र येऊन पडलं होतं. सगळ्या मूळ फाइली द्या, पासवर्ड द्या, वेबसाइटचा पत्ता आमच्या नावावर करून द्या, आणि वेबसाइट कशी बदलायची ते आमच्या दोन माणसांना शिकवा. शिकवायला आमचं खातं ज्यांनी सांभाळलं त्यांनीच यावं. प्रत्येक कामाखाली चार ओळी होत्या. मजकूर अंतिम आहे. मंजुरी मीच देणार. फोटो मूळ आकाराचे आहेत. मोबाइलवर असं दिसायला हवं. वर्षभर एकेक करून विचारलेले प्रश्न बाईंनी जपून ठेवले होते, आणि उत्तरं आधीच जोडून पाठवली होती. खजिनदाराने पाचवा प्रश्न शोधायचा आटोकाट प्रयत्न केला. कामं कोणत्या क्रमाने करायची, असं विचारावं म्हणून त्याने पत्र पुन्हा उघडलं. कामांना क्रमांक घातलेले होते.

मग तो महिनाभर त्या मागच्या खोलीत जाऊन बसला. काउंटरवरच्या दोघी जणींना शिकवत होता, आणि त्या त्याच्यापेक्षा भराभर शिकत होत्या. एकदा तर त्याचीच चूक एकीने काढली आणि दुसरी खाली मान घालून हसली. बाई मधूनच येऊन विचारून जात, "किती झाले?" हा सांगे. शेवटच्या दिवशी साडेएकोणतीस भरले, आणि त्याने लॅपटॉप मिटायला घेतला.

"अर्धा तास आहे अजून," बाई म्हणाल्या. "ती राखाडी अक्षरं काळी आणि मोठी कशी करायची, ते दाखवा यांना. आमच्याही पत्रात असतात तळाला."

त्याने दाखवलं. बाद तास शून्य आणि जास्तीचे तासही शून्य, असा त्या खात्यावरचा तो पहिलाच महिना.

तो परतला तेव्हा मालक दार बंद करून कुलपाची किल्ली शोधत होते. खजिनदाराने पाकिटावर हात ठेवला होता, आत कार्ड होतं. आपण मागणार नाही, फक्त आठवण करून देऊ, असं त्याने वाटेत घोकलं होतं.

"ते भागीदारीचं..."

"ते या वर्षाचं बोलणं होतं," मालक म्हणाले. त्यांना किल्ली सापडली. "वर्ष संपलं."

"पण मी नऊ वर्षं थांबलोय. नऊ वर्षं साठवलीत मी इथे."

मालकांनी कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं. "साठवून ठेवता येत नाहीत रे," ते म्हणाले, रागाने नाही, कामाचं सांगावं तसं. "वेळेत वापरायची होतीस."

खजिनदाराने तोंड उघडलं. या वाक्याला उत्तर नसतं, हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरू लागला.